वय तीन, वजन आठ किलो चारशे

आजींनी पिशवीतून तीन बाटल्या काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या. पहिली गुलाबी औषधाची, पार रिकामी. दुसरी केशरी, अर्ध्याच्या खाली गेलेली. तिसरी सर्दीच्या औषधाची. नातू त्यांच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ सुकलेले.

"आजी, ताप कधीपासून होता?"

"चार दिस झाले. आता ताप नाही डॉक्टरबाई. ताप उतरला, पण पोरगं उठेना. रात्रीपासून नुसतं ओकतंय."

तालुक्याच्या रुग्णालयात लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करताना हे वाक्य ऐकलं की मी आधी बाटल्या बघते. ताप उतरल्यावर मूल खेळायला लागतं, निदान खायला तरी मागतं. ताप उतरूनही उलट्या वाढत असतील आणि मूल सुस्त पडत असेल, तर तापाच्या आजाराशिवाय आणखी काहीतरी चाललेलं असतं. ते काहीतरी पुष्कळदा बाटलीतूनच आलेलं असतं.

आमचा भाग जव्हार-मोखाड्याकडचा. दिवाळी झाली की घरातली धडधाकट माणसं वीटभट्टीवर जातात आणि लहानगी आजी-आजोबांकडे राहतात. हा मुलगा तसाच राहिलेला. वय तीन वर्षं दोन महिने. काट्यावर ठेवला तर वजन आठ किलो चारशे ग्रॅम भरलं. या वयाच्या मुलाचं वजन साधारण चौदा किलो असायला हवं. दंडाला पट्टी लावली, तर काटा लाल भागात, ११.२ सेंटीमीटरवर. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, हे अंगणवाडीच्या प्रत्येक ताईला पाठ असतं.

मी बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली. गुलाबी औषधात ५ मिलीला १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. केशरी औषधात ५ मिलीला २५०. सर्दीच्या औषधात शिंका थांबवणाऱ्या आणि नाक मोकळं करणाऱ्या औषधांच्या जोडीला पुन्हा पॅरासिटामॉल, ५ मिलीला १२५. गुलाबी बाटली घरात जुनी पडलेली होती, ती पहिल्याच संध्याकाळी संपली. मग आजी बाजारात गेल्या. दुकानदाराने विचारलं, पोरगं किती वर्षांचं? आजी म्हणाल्या, तीन. तो म्हणाला, मग एक झाकण, दिवसातून तीनदा. नाक वाहत होतं म्हणून सर्दीचं औषधही दिलं, एक झाकण सकाळी, एक रात्री.

आजींनी सांगितलं तसंच केलं. एकही डोस चुकवला नाही, एकही जास्तीचा दिला नाही. झाकणातल्या ५ मिलीच्या रेघेपर्यंत मोजून दिलं.

आता हिशेब मांडू. केशरी औषधाची तीन झाकणं म्हणजे ७५० मिलिग्रॅम. सर्दीच्या औषधाची दोन झाकणं म्हणजे आणखी २५०. एकूण दिवसाला १००० मिलिग्रॅम, असे सलग तीन दिवस. मुलाचं वजन ८.४ किलो. म्हणजे दर किलोमागे दिवसाला जवळजवळ ११९ मिलिग्रॅम.

निरोगी मुलाला एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत पॅरासिटामॉल देतात, चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा. म्हणजे किलोमागे ६० मिलिग्रॅम ही दिवसाची कमाल मर्यादा. अमेरिकेत निरोगी मुलासाठी ७५ पर्यंत जातात, पण आपल्याकडे बहुतेक डॉक्टर ६० च धरतात. सहा वर्षांखालच्या मुलाच्या पोटात सलग तीन दिवस किलोमागे रोज १०० मिलिग्रॅमच्या वर औषध गेलं, तर विषबाधेची शंका धरून त्याला रुग्णालयात तपासायचं, असा विषबाधा-तज्ज्ञांचा संकेत आहे. हा मुलगा त्या रेषेच्या पलीकडे होता. आणि ती रेषा आखलेली आहे पोटभर जेवणाऱ्या मुलांसाठी.

दुकानदाराने वय विचारलं, तिथेच हिशेब बिघडला. वयावरून डोस काढताना मनात एक सरासरी मूल धरलेलं असतं, तीन वर्षांचं आणि चौदा किलोचं. त्या मुलाला एका वेळचे २५० मिलिग्रॅमही थोडे जास्तच झाले असते, पण किलोमागे १८. आजींच्या नातवाला तेच औषध किलोमागे ३० पडलं. सर्दीच्या औषधात दडलेलं वेगळंच.

पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट त्याच्यापुढची आहे. समजा दुकानदाराने वजन विचारलं असतं आणि ८.४ किलोंना निरोगी मुलाचा डोस नीट काढून दिला असता, तरी या मुलाला तो जास्तच झाला असता. का, ते समजून घ्यायला यकृतात शिरावं लागतं.

पॅरासिटामॉल पोटात गेलं की ते शरीराबाहेर काढण्याचं काम यकृताकडे येतं. त्यासाठी यकृताकडे दोन हमरस्ते आहेत. एका रस्त्यावर औषधाला साखरेपासून तयार झालेला एक रेणू जोडला जातो, दुसऱ्यावर गंधकयुक्त सल्फेट. जोडणी झाली की औषध निरुपद्रवी होतं आणि लघवीवाटे निघून जातं. लहान मुलांत सल्फेटच्या रस्त्यावर वाहतूक जास्त असते. उरलेलं थोडं औषध, शंभरातले पाच-दहा भाग, तिसऱ्या आडवाटेने जातं. तिथे त्याचा एक घातक पदार्थ बनतो. डॉक्टर त्याला नॅपकी म्हणतात. हा नॅपकी यकृताच्या पेशींना चिकटतो आणि त्या मारतो.

रोजच्या डोसात तसं होत नाही, कारण ग्लुटाथायॉन नावाचा एक पदार्थ पेशींत साठवलेला असतो आणि तो नॅपकीला लगेच गाठून निकामी करतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी १९७३ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून हे उलगडलं. त्यांना दिसलं ते असं : ग्लुटाथायॉनचा साठा मूळच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत घसरेतोवर यकृताला काहीही होत नाही, आणि त्याखाली गेला की पेशी मरायला लागतात. म्हणून पॅरासिटामॉलची विषबाधा हळूहळू जाणवत नाही. कणगीतलं धान्य रोज थोडं थोडं उपसलं जातं तेव्हा बाहेरून काही कळत नाही. तळ लागतो त्या दिवशी मात्र घरात एकदम उपास पडतो. तसंच हे.

कुपोषित मुलाची ही कणगी मुळातच अर्धी रिकामी असते. ग्लुटाथायॉन बनायला तीन अमिनो आम्लं लागतात आणि त्यांतलं कमी पडणारं असतं ते गंधक असलेलं सिस्टीन. ते मिळतं अंडी, दूध, मांस-मासे आणि डाळी यांतल्या प्रथिनांतून. तीन महिने भात आणि पातळ कालवणावर वाढलेल्या मुलाला ते येणार कुठून? जमैकात वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या संशोधकांनी सुजेच्या कुपोषणातल्या मुलांची रक्ततपासणी केली, तेव्हा त्यांच्या पेशींत ग्लुटाथायॉन खूपच कमी आढळलं. हे १९८० च्या दशकातलं काम. मायकेल गोल्डन यांनी त्यावरूनच कुपोषणातली सूज कशी येते याची आपली उपपत्ती मांडली.

त्यात तापाची भर पडते. ताप आला की मूल जेवत नाही. दोन-तीन दिवस उपास पडला की यकृतातली साखरेची शिल्लक संपते आणि पहिला हमरस्ता अरुंद होतो. सल्फेटला लागणारं गंधकही त्याच प्रथिनांतून यायचं असतं, म्हणजे दुसरा रस्ताही अरुंद. मग त्याच डोसातला मोठा वाटा आडवाटेने जायला लागतो आणि तिथे नॅपकीला अडवायला पुरेसं ग्लुटाथायॉन नसतं. आजींच्या नातवाने तीन दिवस पेजेच्या पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. त्याच तीन दिवसांत त्याला सगळ्यात जास्त औषध मिळालं.

म्हणून कमी वजनाचा हिशेब केला की काम संपलं, असं नाही. आधी वजन कमी म्हणून डोस कमी होतो. मग कुपोषण आहे म्हणून किलोमागचा आकडाही खाली आणावा लागतो. दोन वजाबाक्या आहेत आणि दोन्ही कराव्या लागतात. पहिली बहुतेकांना सुचते, दुसरी राहून जाते.

दुसरी वजाबाकी किती करायची, याचा सगळ्या जगाने मान्य केलेला एकच आकडा नाही. काही ठिकाणी अशा मुलांत ६० ही अगदी शेवटची, कधीही न ओलांडायची रेषा मानतात. बरेच बालरोगतज्ज्ञ त्याच्या बरंच खाली थांबतात : एका वेळी किलोमागे १० मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा ते आठ तासांचं अंतर, आणि चोवीस तासांची बेरीज किलोमागे ३० ते ४० च्या पुढे नाही. मूल अजिबात खात नसेल किंवा यकृताच्या तपासण्या आधीच बिघडलेल्या असतील, तर मी ३० लाच थांबते आणि दोन दिवसांनंतर मुलाला पुन्हा बघितल्याशिवाय औषध चालू ठेवत नाही. कोणत्या मुलाला कोणता आकडा, हे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरनेच ठरवायचं आणि कागदावर लिहून द्यायचं. घरी बसून अंदाजाने डोस कमी करायचा हा विषय नाही, कारण अंदाज दोन्ही बाजूंना चुकतो.

आजींच्या नातवाचा डोस असा निघाला असता. वजन ८.४ किलो गुणिले १० म्हणजे ८४ मिलिग्रॅम. गुलाबी औषधात एका मिलीत २४ मिलिग्रॅम, म्हणजे साडेतीन मिली. केशरी औषधात एका मिलीत ५० मिलिग्रॅम, म्हणजे १.७ मिली. बाळांचे थेंब मिळतात, त्यांत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे ०.८ मिली. एकाच मुलाला एकच डोस, पण बाटली बदलली की साडेतीन मिलीचे पाऊण मिली होतात. दिवसात असे तीन डोस, म्हणजे २५२ मिलिग्रॅम. त्याच्या पोटात रोज गेले १०००. निरोगी मुलाच्या मर्यादेनुसार त्याच्या वजनाला ५०४ बसले असते. निरोगी मुलाच्या मापाने दुप्पट आणि त्याच्या स्वतःच्या मापाने चौपट, असं हे प्रकरण होतं.

इतका कमी डोस दिला तर ताप उतरेल का, असं आई-बाप लगेच विचारतात. थोडा उतरेल, कधी कधी कमीच उतरेल. पण औषध थर्मामीटरवरचा आकडा खाली आणण्यासाठी द्यायचंच नसतं. अंग ठणकतंय, मूल चिडचिडं झालंय, पाणी प्यायलाही तयार नाही, तेव्हा त्याला बरं वाटावं आणि दोन घोट पोटात जावेत, एवढ्यासाठी ते द्यायचं. ताप असूनही मूल पेज पितंय, हसतंय, तर औषधाचं कारणच उरत नाही. तीव्र कुपोषणात तर आणखी एक धोका असतो. या मुलांचं अंग फार पटकन थंड पडतं, काखेत ३५ अंशांच्याही खाली जातं, आणि आत गंभीर जंतुसंसर्ग असूनही ताप येत नाही. म्हणून "रात्री ताप येईल" म्हणून झोपताना आधीच एक डोस देऊन ठेवायची जी पद्धत घराघरांत आहे, ती या मुलांत पूर्ण बंद करायला हवी. हात लावून नाही, थर्मामीटर लावून बघायचं.

वजनाबद्दलही एक सावधगिरी सांगायला हवी, कारण ती शिकलेल्या डॉक्टरांकडूनही निसटते. काही कुपोषित मुलं वाळलेली दिसत नाहीत, उलट गुबगुबीत दिसतात. पायावर अंगठा दाबून उचलला की खळगा राहतो. ती सूज असते. अशा मुलाच्या वजनात एक-दीड किलो निव्वळ पाणी असू शकतं. यकृताच्या जुन्या आजारात पोटात पाणी साठतं, तिथेही तेच. काटा दहा किलो दाखवतो, पण औषधाचा निचरा करणारं शरीर साडेआठ किलोचंच असतं. त्या पाण्याला औषधाचा डोस द्यायचा नसतो. सूज येण्यापूर्वीचं वजन अंगणवाडीच्या वहीत सापडलं तर ते धरायचं. नसेल तर पाण्याचा अंदाज वजा करायचा आणि सूज उतरेल तसं पुन्हा वजन करत राहायचं.

यकृताचा आजार असलेल्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. माझ्याकडे एक मुलगी येते, तिला जन्मतः पित्तनलिका नव्हत्या. दोन महिन्यांची असताना तिच्यावर कासाई शस्त्रक्रिया झाली. जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात शोधलेली ही शस्त्रक्रिया आतड्याचा एक भाग थेट यकृताला जोडते आणि पित्ताला वाट करून देते. मुलगी आज पाच वर्षांची आहे, शाळेत जाते, पण तिचं यकृत कडक झालेलं आहे. तिच्या आईला कुणीतरी सांगितलं की पॅरासिटामॉल यकृताला वाईट, म्हणून ताप आला की ती दुसऱ्याच गोळ्या-औषधांकडे वळायची. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड, जे मिळेल ते.

हे टाळायलाच हवं. कडक झालेल्या यकृतामुळे अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असू शकतात आणि रक्त गोठायलाही वेळ लागतो. आयब्युप्रोफेनच्या जातीची औषधं पोटाच्या अस्तराला इजा करतात, रक्तस्राव वाढवतात आणि अशा मुलाच्या मूत्रपिंडांनाही धक्का देतात. निमेसुलाइड तर आपल्याकडे बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला बंदीच आहे, तीही यकृताच्याच कारणाने. यकृताचा आजार स्थिर असलेल्या मुलाला ताप किंवा दुखणं आलं, तर कमी मर्यादेतलं पॅरासिटामॉल हेच त्यातल्या त्यात सुरक्षित औषध. औषध शरीरातून निघायला जास्त वेळ लागतो म्हणून डोसांमधलं अंतर वाढवायचं, आठ तासांचं धरायचं. डोस लहान, अंतर लांब, दिवस थोडे.

त्या मुलीच्या आईला मी याहून महत्त्वाची म्हणून एक गोष्ट सांगितली आहे. कासाई झालेल्या मुलाला ताप आला तर तो पित्तमार्गातल्या जंतुसंसर्गाचा असू शकतो, आणि तसा असेल तर त्याला शिरेतून प्रतिजैविकं लागतात, तीही लगेच. अशा वेळी घरी औषध देऊन ताप उतरवत बसलं तर दोन दिवस हातचे जातात. त्या मुलीने ताप आला की आधी रुग्णालयात यायचं, एखादा डोस वाटेत घेतला तर चालेल.

ज्याचं यकृत आत्ता, याच आठवड्यात बिघडतंय, त्या मुलाचं आणखी वेगळं. पावसाळ्यात दूषित पाण्याने कावीळ होते. सुरुवातीचे काही दिवस डोळे पिवळे नसतात, नुसता ताप, मळमळ, अन्नावर वासना नाही. नेमक्या त्याच दिवसांत घराघरांत तापाचं औषध भरपूर दिलं जातं. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, की पॅरासिटामॉल थांबवायचं आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय पुढचा डोस द्यायचा नाही. क्षयरोगाची औषधं चालू असलेली कुपोषित मुलंही याच यादीतली. आयसोनायाझिड स्वतःच यकृताला त्रास देऊ शकतं, शिवाय त्या आडवाटेवरची वाहतूकही ते वाढवू शकतं. फिट्सची काही जुनी औषधं, फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, यांच्याबाबतीतही हीच सावधगिरी बाळगतात. अशा मुलाच्या आईने तापासाठी कुठल्याही डॉक्टरकडे जाताना चालू औषधांचा कागद बरोबर न्यायला हवा.

गावाकडे तापाला सुई मारून घ्यायची रीत आहे. त्या सुईत बहुतेक वेळा पॅरासिटामॉलच असतं. सुई वेगळी आणि पातळ औषध वेगळं असं घरच्यांना वाटतं, म्हणून संध्याकाळी सुई आणि रात्री पुन्हा झाकणभर औषध. चोवीस तासांची बेरीज करताना सुई, सर्दीचं औषध, आयब्युप्रोफेनबरोबर मिसळून येणारं पॅरासिटामॉल, सगळं एकाच बेरजेत धरायचं. बाटलीवर ठळक नाव काहीही असो, खालच्या बारीक अक्षरांत पॅरासिटामॉल आहे का आणि ५ मिलीला किती, एवढं बघायचं. वाचता येत नसेल तर अंगणवाडीच्या ताईला बाटली दाखवायची.

आता पुन्हा त्या मुलाकडे. बोटाच्या थेंबावर साखर तपासली, ती ४६ निघाली. तीव्र कुपोषणात ५४ च्या खाली गेली की आम्ही तिला धोक्याची मानतो. आधी ग्लुकोज दिलं. मग रक्त घेतलं. यकृताचं एक एन्झाइम, एएलटी, निरोगी मुलात साधारण ४० च्या खाली असतं, याचं हजाराच्या वर. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर एकच्या आसपास हवा, तो २.१ होता. एन्झाइम वाढलं म्हणजे पेशी फुटताहेत एवढंच कळतं. आयएनआर वाढला म्हणजे यकृताचं काम थांबायला लागलंय. मला भीती वाटली ती दुसऱ्या आकड्याची.

हे सगळं काविळीनेही झालेलं असू शकलं असतं. म्हणून काविळीची तपासणीही पाठवली, ती पुढे निर्दोष आली. रक्तातली पॅरासिटामॉलची पातळी मात्र अशा वेळी फसवते. एकदाच खूप औषध प्यायलं असेल तर किती तासांनी किती पातळी धोक्याची, याचा आलेख आहे, आणि तो जगभर वापरतात. पण थोडं थोडं करून तीन दिवस जास्त गेलं असेल तर तो आलेख लागू पडत नाही. पातळी जवळजवळ शून्य येऊनही यकृत बिघडलेलं असू शकतं, कारण औषध निघून गेलेलं असतं आणि इजा मागे राहिलेली असते. अशा मुलात बाटल्या, वजन आणि आजींची आठवण यांवरूनच निदान होतं. म्हणून औषधाच्या बाटल्या रुग्णालयात घेऊन या, रिकाम्यासुद्धा, असं मी प्रत्येकाला सांगते.

अहवालांची वाट न बघता उतारा सुरू केला. त्याचं नाव एन-अॅसिटिलसिस्टीन. नावातच सिस्टीन आहे. यकृताला जे अमिनो आम्ल कमी पडलं तेच हे औषध त्याला पुरवतं, म्हणजे रिकाम्या कणगीत पुन्हा धान्य पडतं. काचेची कुपी फोडली की कुजक्या अंड्यासारखा वास खोलीभर पसरतो. तो गंधकाचा वास. परिचारिका नाकाला पदर लावतात, मला तो वास आला की धीर येतो. ओकाऱ्या चालू होत्या म्हणून तोंडावाटे देता येत नव्हतं, शिरेतून दिलं. कुपोषित मुलाच्या हृदयाला जास्तीचं पाणी झेपत नाही, म्हणून औषध कमीत कमी सलाइनमध्ये आणि मोजून सोडावं लागलं. मग मोठ्या रुग्णालयात फोन केला आणि रुग्णवाहिकेने त्याला पाठवलं. आजी शेवटपर्यंत म्हणत होत्या, मी काय चुकले हो? त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, आणि ते मी त्यांना तिथेच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी आयएनआर खाली यायला लागला. दहा दिवसांनी मुलगा पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झाला आणि दर तीन तासांनी दुधाचा मोजलेला आहार घ्यायला लागला. घरी जाताना मी आजींना ५ मिलीची सुईविना सिरिंज दिली. साडेतीन मिलीवर लाल पेनने रेघ मारली. बाटली एकच ठेवायची, गुलाबी, १२० वाली. त्या बाटलीवर चिकटपट्टी लावून तीन गोल काढले : दिवसात तीनच वेळा, सकाळ, दुपार, रात्र. तीन गोल भरले की दुसऱ्या सकाळपर्यंत बाटली फळीवर. केशरी बाटली आणि सर्दीचं औषध मी ठेवून घेतलं.

सव्वा महिन्याने आजी नातवाला घेऊन आल्या. या वेळी तो चालत आला, आजींच्या पुढे. ताप नव्हता, नुसतं वजन करायला आले होते. काटा ९.६ वर थांबला. आजींनी पिशवीतून सिरिंज काढली आणि माझ्यापुढे धरली.

"डॉक्टरबाई, आता रेघ कुठं?"

९.६ गुणिले १०, ९६ मिलिग्रॅम, भागिले २४. मी स्पिरिटच्या बोळ्याने जुनी रेघ पुसली आणि चार मिलीवर नवी मारली.